बटण दाबण्यापूर्वीं

घरांत नवें यंत्र आलें म्हणजे खोक्यांतून पहिल्यानें यंत्र बाहेर निघतें, मग त्याचीं भांडीं, मग पुठ्ठ्याचे तुकडे, आणि सर्वांत शेवटीं, बहुधा खोक्याच्या तळाशीं चिकटून राहिलेला, चौघडी घातलेला एक कागद. हा कागद कोणीं वाचावयाचा याचा निर्णय एकत्र कुटुंबांत फारसा विचार न करतांच होऊन जातो. जो इंग्रजी शिकला त्यानें तो वाचावा, आणि यंत्र मात्र दुसऱ्याच कोणीं चालवावें. वाचणारा दिवाणखान्यांत, चालविणारी स्वयंपाकघरांत, आणि कागद फडताळांतल्या जुन्या बिलांखालीं, अशी वांटणी आमच्या पाहण्यांतल्या पुष्कळ घरांत आहे.

गेल्या पावसाळ्यांत तळेगांवकडील एका लहानशा कारखान्यांतून असाच एक कागद आमच्याकडे आला. तेथें मिक्सर जोडले जातात आणि मावळांत, लोणावळ्यास व घाटाखालीं खोपोलीपर्यंतच्या दुकानांतून ते विकले जातात. कागदाच्या एका अंगास इंग्रजी मजकूर, दुसऱ्या अंगास कोणा छापखान्यांत तयार झालेलें मराठी. ‘गुरुजी, एवढें शुद्धलेखन पाहून द्या,’ एवढीच चालकांची मागणी होती. मराठी छापण्याची त्यांच्यावर सक्ती होती असें नव्हे. वेष्टनावर किंमत, वजन, उत्पादकाचें नांव इत्यादि जो मजकूर छापावाच लागतो, तो २०११ च्या वैध मापन नियमांप्रमाणें हिंदींत किंवा इंग्रजींत असला म्हणजे पुरतो. अन्य भाषा हवी तर जोडीला घालावी. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दुसरी एक गोष्ट केली आहे. वस्तूबरोबर योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसतील, किंवा अयोग्य वापराबद्दल इशारा नसेल, तर त्यापासून होणाऱ्या इजेची जबाबदारी उत्पादकावर येऊं शकते. मावळांत विकलेल्या वस्तूची सूचना मावळांत वाचतां आली नाहीं तर ती पुरेशी कशी, हा प्रश्न वकिलांचा आहे. आमच्यापुढचा प्रश्न बोटांचा होता.

पत्रकांत एकंदर सहा पायऱ्या होत्या: भांडें बैठकीवर बसविणें, जिन्नस घालून झाकण ठेवणें, प्लग जोडणें, बटण फिरविणें, काम झाल्यावर भांडें उतरविणें, आणि मिक्सर मध्येंच थांबला तर काय करावें तें. शिवाय समासांत चार चिन्हें. मराठी मजकुरांत व्याकरणाची चूक म्हणून फारशी नव्हती. शाळेंत हा निबंध म्हणून आला असता तर दहांपैकीं सहा गुण द्यावेच लागले असते. परंतु असला कागद वाचून बाजूस ठेवण्यासाठीं नसतो. त्यावर बोट ठेवून हातानें काम करावयाचें असतें. डोळा कागदावर, एक हात यंत्रावर, आणि दुसऱ्या हाताला ओलें खोबरें लागलेलें. म्हणून शुद्धलेखन तपासण्याआधीं तो कागद चालवून पाहण्याचें आम्ही ठरविलें.

त्याची रीत सोपी आहे, आणि कोणासहि घरीं करून पाहतां येईल. भिंतीवरचें बटण बंद ठेवून, मिक्सरमध्यें वीज येणार नाहीं अशी व्यवस्था केली. आमच्याकडे स्वयंपाकांत मदत करणाऱ्या बाई नाणे मावळांतल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, वाचन चांगलें, परंतु घरीं अजून पाटा-वरवंटाच. त्यांच्या हातीं कागद दिला. एक एक पायरी मोठ्यानें वाचावयाची आणि वाचली तशी करावयाची, एवढेंच सांगितलें. सूनबाईंनीं शेजारीं बसून त्या कोठें थांबतात तें टिपून घ्यावयाचें. मध्यें बोलावयाचें नाहीं. न बोलण्याची अट सर्वांत कठीण ठरली, पण त्यांनीं ती पाळली.

पहिली अडचण पहिल्याच पायरीला आली. पत्रकांतील वाक्य असें होतें: ‘जारचा तळ कोरडा असल्याचें सुनिश्चित करा.’ बाईंनीं वाक्य वाचलें, भांडें उचललें, सर्व बाजूंनीं फिरवून पाहिलें आणि विचारलें, “ह्यांतलं सुनिश्चित कोणतं?” त्या नांवाचा एखादा खटका असावा अशी त्यांची समजूत झाली, आणि ती वावगी नव्हती. ज्या कागदांत प्रत्येक वाक्य कांहीं तरी लावावयास, फिरवावयास किंवा दाबावयास सांगतें, त्यांत अनोळखी शब्द हा यंत्राचा भागच वाटणार. इंग्रजींतल्या त्या क्रियापदाला हातानें करावयाचें असें कांहींच नसतें. तें एका स्थितीची खात्री मागतें. मराठींत हाताला काम दिलें पाहिजे. ‘भांड्याचा तळ बाहेरून कोरडा पुसा’ असें लिहिलें कीं खात्रीहि झाली आणि काम पण झालें. हें वाक्य मावळांत विशेष महत्त्वाचें आहे. ओला तळ तसाच बैठकीवर ठेवला तर मधल्या चकतीच्या भोंवतालून पाणी खालीं मोटारीकडे झिरपतें. आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यांत तर घांसलेलें भांडें दुपारपर्यंत पालथें ठेवलें तरी कोरडें होत नाहीं.

दुसरी अडचण आमच्या मतें सर्वांत मौजेची आहे. इंग्रजींत ‘ग्राइंड’ या एका क्रियापदावर सारें स्वयंपाकघर भागतें. मराठींत जात्याला, पाट्याला, उखळाला, खलबत्त्याला व रवीला आपापलें क्रियापद आहे. जात्यावर दळतात आणि भरडतात, पाट्यावर वाटतात, उखळांत कांडतात, खलबत्त्यांत कुटतात आणि रवीनें घुसळतात. यांत ओलें-कोरडें, बारीक-जाडें हा भेद क्रियापदांतच सामावलेला आहे. त्याला विशेषण जोडावें लागत नाहीं. छापखान्यांतील भाषांतरकारानें मात्र सर्वत्र ‘दळणें’ घातलें होतें. त्यामुळें मोठ्या भांड्यापुढें ‘ओलें दळण्यासाठीं’ आणि मधल्यापुढें ‘कोरडें दळण्यासाठीं’ असें छापलें गेलें. ओलें दळणें म्हणजे काय हें बाईंना कळेना. त्यांच्या मतें दळण गिरणींत नेतात आणि तें ओलें असेल तर गिरणीवाला परत पाठवितो. तिसऱ्या, लहान भांड्याचें नांव होतें ‘चटणी जार’. आमच्याकडे चटणी म्हणजे ओल्या खोबऱ्याचीहि आणि दाण्यांची किंवा लसणीची कोरडीहि. पैकीं कोणती, हें कागद सांगत नव्हता.

वाचकांपैकीं ज्यांना मिक्सरचा इतिहास ठाऊक आहे त्यांना येथें एक जुनी गोष्ट आठवेल. १९६० च्या दशकांत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्याकडचें वाटण करतां करतां बंद पडला, आणि त्यांतूनच ‘सुमीत’ हा देशी मिक्सर जन्मास आला. तिकडची मोटार फळांचा रस काढण्यास व अंडें फेसण्यास पुरेशी होती. भिजलेली डाळ आणि सुकें खोबरें तिला झेपेना. म्हणजे यंत्राला आमचें ‘वाटणें’ शिकवावें लागलें. कागदाला तें शिकविण्याचें तसेंच राहून गेलेलें दिसतें.

आम्ही भांड्यांचीं नांवें काढून टाकलीं आणि त्यांत काय घालावयाचें तें लिहिलें. मोठें भांडें: भिजवलेली डाळ, तांदूळ वाटण्यासाठीं. मधलें भांडें: कोरडा मसाला, दाण्याचें कूट. लहान भांडें: ओली चटणी, थोडेंसें वाटण. ‘जार’ हा शब्दहि गेला, कारण ‘भांडें’ या शब्दानें कोणाचें अडत नाहीं. ‘मिक्सर’, ‘प्लग’ आणि ‘बटण’ हे मात्र आम्ही तसेच ठेवले. यावर आमच्या एका संस्कृतज्ञ स्नेह्यांनीं नापसंती दर्शविली व ‘मिश्रक’ सुचविला. शब्द निर्दोष आहे. पण दुकानांत जाऊन ‘मिश्रकाचें पातें द्या’ असें म्हणून कोणी पाहावें.

यापुढची अडचण अगदीं साध्या शब्दांची आहे, म्हणून ती सहज नजरेंतून सुटते. मराठींत झाकणहि बंद करतात आणि मिक्सरहि बंद करतात. झाकणहि लावतात, प्लगहि लावतात आणि ‘जरा मिक्सर लाव’ असेंहि म्हणतात. पत्रकांत पांचव्या पायरीस ‘बंद करून पातें थांबल्यावर उघडा’ असें वाक्य होतें. काय बंद करून? बाईंनीं झाकणावर हात दाबून तें अधिक घट्ट केलें, कारण डोळ्यांसमोर झाकणच होतें. बोलण्यांत हा घोटाळा होत नाहीं, कारण बोलणारा हातानें दाखवितो. कागदाला हात नसतो. तेव्हां एका कागदांत एका शब्दाला एकच काम द्यावें असा नियम आम्ही केला. झाकण ‘घट्ट बसवा’ आणि ‘उघडा’. प्लग ‘जोडा’ आणि ‘काढा’. मिक्सरचें बटण ‘१ वर फिरवा’ आणि ‘शून्यावर आणा’. ‘बंद’ व ‘लावा’ हे दोन शब्द सबंध पत्रकांतून हद्दपार केले. त्यामुळें मराठी थोडें रुक्ष झालें हें खरें, पण असल्या कागदावर रुक्षपणा खपतो.

भांडें कोणत्या बाजूस फिरवून अडकवावयाचें, यावरहि चर्चा झाली. ‘उजवीकडे फिरवा’ हें पुरेसें नाहीं. गोल वस्तूची पलीकडची कड उजवीकडे जाते तेव्हां अलीकडची डावीकडे जात असते. देवाला प्रदक्षिणा ज्या बाजूनें घालतों तीच ही दिशा, आणि आमच्या घरीं तेवढ्यानें भागलें असतें. परंतु मिक्सर सर्वांच्या घरीं जाणार, म्हणून ‘घड्याळाच्या कांट्याप्रमाणें’ लिहिलें व शेजारीं वळणारा बाण काढला. बाणच उपयोगी पडला.

आतां सहावी पायरी. ही जरा सावकाश सांगावयास हवी, कारण सर्व पत्रकांत खरा अपाय हिच्यांतच होता.

मिक्सरमध्यें जिन्नस फार झाला किंवा वाटण फार घट्ट झालें म्हणजे पातें अडखळतें. मोटार जोर करते, जास्त वीज ओढते, तापते. ती जळूं नये म्हणून बैठकीच्या आंत एक खटका असतो. तो आपोआप सुटून वीज तोडतो आणि मिक्सर थांबतो. बैठकीच्या खालच्या अंगास, बहुधा तांबड्या रंगाचें, एक लहान बटण असतें. तें दाबलें कीं खटका पुन्हा जागेवर बसतो. लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, त्या वेळीं पुढचें मोठें बटण अजून चालूच्या जागीं असेल आणि प्लग भिंतींत असेल, तर खटका बसतांक्षणीं मोटार सुरू होते. बैठक तेव्हां उलटी, हातांत धरलेली असते. आणि भांडें वर असलें तर पात्यासकट.

मूळ इंग्रजी वाक्याचा आशय असा होता: मोटार थांबल्यास बैठकीखालचें तांबडें बटण दाबावें, स्विच बंद करून, प्लग काढून व भार कमी केल्यानंतर. इंग्रजींत मुख्य गोष्ट आधीं सांगून तिच्या अटी मागाहून जोडण्याची रीत आहे, आणि वाचणाऱ्याला तिची संवय असते. छापखान्यांतील मराठींत तोच क्रम जसाच्या तसा उतरला होता: ‘भारनियमनामुळें मोटार थांबल्यास बेसखालील तांबडें बटण दाबा, स्विच बंद करून, प्लग काढून व भार कमी केल्यानंतर.’ बाईंनीं पहिल्या स्वल्पविरामापर्यंत वाचलें, बैठक भांड्यासकट आडवी केली, बटण दाबलें, आणि मग पुढचें वाचूं लागल्या. सूनबाईंनीं टिपणांत केवळ एक उद्गारचिन्ह काढलें. वीज असती तर उरलेलें वाक्य वाचावयास सवड मिळाली नसती.

त्यांत ‘भारनियमन’ हा शब्द आणखी निराळा घोळ घालीत होता. ‘ओव्हरलोड’ याचें भाषांतर करतांना ‘भार’ म्हणून तो आला असावा. परंतु महाराष्ट्रांत भारनियमन म्हणजे ठरल्या वेळीं वीज जाणें, हें लहान मुलासहि ठाऊक आहे. बाईंनीं विचारलें, “लाइट गेल्यावर हें बटण दाबायचं का?” प्रश्न बरोबर होता, कागद तेंच सांगत होता. खोपोलीच्या टाटांच्या वीजघराला १९१५ पासून लोणावळें-वळवणच्या तलावांचें पाणी जात आलें, पण त्या पाण्याची वीज मुंबईकडे गेली आणि मावळांतल्या कित्येक गांवांनीं दिव्याची वाट पुढें बरींच वर्षें पाहिली. तेथल्या माणसाच्या कानांत ‘भारनियमन’ हा शब्द कोणत्या अर्थानें बसला असेल हें सांगावयास नको.

आम्ही ती पायरी फोडली. एका ओळींत एकच कृति, आणि ज्या क्रमानें हात चालावयाचे त्याच क्रमानें ओळी:

६. मिक्सर आपोआप थांबला तर:
(क) बटण शून्यावर आणा.
(ख) प्लग भिंतीतून काढा.
(ग) भांडें उतरवा. आंतला थोडा जिन्नस काढून ठेवा.
(घ) पांच मिनिटें थांबा.
(च) बैठक आडवी करा. खालचें तांबडें बटण दाबा.
(छ) पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.

‘भार’ हा शब्दच उरला नाहीं. ‘थोडा जिन्नस काढून ठेवा’ यांत तो आला. शेवटीं एक ओळ आम्ही पदरची घातली व कारखान्याच्या अभियंत्यांनीं ती मान्य केली: दुसऱ्यांदाहि थांबला तर तांबडें बटण दाबूं नका, दुरुस्तीस न्या. वारंवार सुटणारा खटका हा पात्याच्या दांड्यांत किंवा मोटारींत बिघाड असल्याची खूण असते, आणि तो पुनः पुनः बसवीत राहणें म्हणजे राखणदाराला गप्प करणें.

या ओळींत ‘नका’ आला आहे, तेव्हां त्याच्याविषयीं दोन शब्द. मराठींत नकार वाक्याच्या अगदीं शेवटीं येतो. ‘मिक्सर चालूं असतांना भांड्यांत चमचा घालूं नका’ या वाक्याचे शेवटचे दोन वर्ण सोडले तर उरलेलें सारें वाक्य चमचा कसा घालावा याचेंच वर्णन आहे. मूळ कागदाची रुंदी इंग्रजी अक्षरांच्या मापानें ठरलेली. मराठी ओळ लांब झाल्यानें ‘नका’ खालच्या ओळींत एकटा पडला होता, आणि त्याच्याखालीं घडी. यावर उपाय दोन. जेथें जमेल तेथें नकार काढून कृति सांगावी: ‘पातें पूर्ण थांबल्यावरच झाकण उघडा.’ यांत वाक्य अर्धें वाचलें तरी अपाय होत नाहीं; ‘पातें पूर्ण थांबल्यावर’ हें आधींच कानांवर पडतें. जेथें मनाईच करावयाची तेथें वाक्य इतकें लहान करावें कीं ‘नका’ त्याच ओळींत मावेल: ‘आंत हात घालूं नका.’

येथें आमच्या पिढीच्या संवयीला थोडी मुरड घालावी लागते. आम्हांस ‘घालूं नये’, ‘लावावें’, ‘पुसावें’ हीं रूपें अधिक सभ्य वाटतात, आणि लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० च्या ‘गृहिणी-मित्रा’पासून पाककृति बव्हंशीं त्याच थाटांत लिहिल्या गेल्या. पाककृतींत तें शोभतें, कारण मीठ थोडें कमी पडलें तर बिघडत नाहीं. परंतु ‘नये’ यांत उपदेशाचा वास आहे. संध्याकाळीं झोंपूं नये, जेवतांना बोलूं नये, या मालिकेंत ‘भांड्यांत हात घालूं नये’ हें वाक्य जाऊन बसतें, आणि त्या मालिकेंतल्या बाकी नियमांचें जें होतें तेंच त्याचें होतें. ‘घालूं नका’ हें समोर उभें राहून सांगितल्यासारखें लागतें. तेव्हां विध्यर्थ काढून सर्वत्र आज्ञार्थ केला, अर्थात् आदराचा.

चिन्हांकडे वळतों. आंतरराष्ट्रीय पद्धतींत पिवळा त्रिकोण म्हणजे धोक्याची सूचना, तांबडें वर्तुळ व त्यावर तिरपी रेघ म्हणजे मनाई, आणि निळी भरीव चकती म्हणजे अवश्य करावयाची गोष्ट. यांत भाषेची गरज नाहीं असें म्हणतात. परंतु आमच्या हातीं आलेलें पत्रक एकाच काळ्या शाईंत छापलेलें होतें. त्यांत तांबडें, पिवळें, निळें सगळें काळेंच झालें, आणि निळ्या चकतीला तर ओळख अशी उरली नाहीं. तिरपी रेघ मात्र टिकते. म्हणून मनाईचें चिन्ह एका शाईंतहि बोलतें. त्रिकोणाविषयीं बाईंना विचारलें तेव्हां त्यांनीं दवाखान्याचें नांव घेतलें. कुटुंबनियोजनाचा तांबडा उलटा त्रिकोण सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षें रंगविलेला होता, त्याची ती आठवण. आम्ही त्रिकोण ठेवला, पण त्याच्या पोटांतल्या उद्गारचिन्हाशेजारीं शब्द घातला.

कोणता शब्द? इंग्रजीत येथें दोन प्रती असतात. एक, जिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास जीव जाईल किंवा जबर इजा होईल. दुसरी, जिच्यामुळें किरकोळ इजा व्हावी. छापखान्यानें दोहोंस ‘सावधान’ वापरला होता. शब्दाची व्युत्पत्ति उत्तम आहे, अवधानासह असणें. पण मराठी कानाला तो अंतरपाट आणि कवायत यांची आठवण देतो, धोक्याची नव्हे. विजेच्या खांबावरच्या पाटीनें ‘धोका’ हा शब्द सर्वांस शिकविला आहे, म्हणून विजेच्या व पात्याच्या सूचनेस ‘धोका’ घातला. हलक्या सूचनेस ‘जपून’. ‘जपून’ हा शब्द घरांतला आहे. तो आजी नातवाला म्हणते, आणि किरकोळ इजेस तेवढा पुरतो.

एक चिन्ह आम्ही बदलावयास सांगितलें. ‘गरम जिन्नस घालूं नका’ या सूचनेपाशीं तीन नागमोडी वाफेच्या रेघा होत्या. त्या चिन्हाचा ठरलेला अर्थ ‘हा पृष्ठभाग तापलेला असतो’ असा आहे. येथें गोष्ट निराळी आहे. भाजलेला कांदा किंवा उकडलेला टोमॅटो कढत असतांना घट्ट झाकणाच्या भांड्यांत फिरविला तर आंत वाफ कोंडते, झाकण उडतें आणि कढत वाटण तोंडावर येतें. सूचनेंत नुसतें ‘गरम’ लिहिल्यानें बाईंना तें गरम मसाल्याविषयीं वाटलें. म्हणून ‘भाजलेला कांदा-खोबरें पूर्ण निवल्यावरच भांड्यांत घाला’ असें लिहिलें, आणि चित्रांत वाफाळणारी कढई व तिच्यावर तिरपी रेघ.

अंकांचेंहि एक सांगून टाकतों. बटणाभोंवतीं अंक इंग्रजी कोरलेले आहेत, कागद देवनागरी. मराठी १ आणि इंग्रजी नऊ यांच्या आकृतींत साम्य आहे. नातवंडें रोज गोंधळतात. शिवाय ‘२ वर २ मिनिटें’ यांत दुसरी पायरी, दुसरा वेग आणि दोन मिनिटें यांची सरमिसळ होते. आम्ही पायऱ्यांना मराठी अंक दिले, वेळ अक्षरांत लिहिला, आणि वेगाच्या जागीं बटणाचेंच लहान चित्र छापावयास सांगितलें.

शेवटीं एक वाक्य राहिलें, ज्यावर आमचे तीन दिवस गेले. घरगुती विद्युत् उपकरणांच्या सुरक्षिततेचें भारतीय मानक, आय. एस. ३०२, आंतरराष्ट्रीय मानकाच्या धर्तीवर आहे, आणि त्या वळणाच्या पत्रकांत एक वाक्य हटकून असतें. छापखान्याच्या मराठींत तें असें होतें: ‘शारीरिक, संवेदी किंवा मानसिक क्षमता कमी असलेल्या व्यक्तींनीं, मुलांसह, सुरक्षिततेस जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीशिवाय हें उपकरण वापरूं नये.’ आमच्या वडील वहिनींचें वय ब्यायशी. डाव्या डोळ्यानें दिसत नाहीं, हात थरथरतो, पण चटणीचें मीठ अजून त्याच पाहतात. त्यांनीं हें वाक्य ऐकलें आणि विचारलें, “म्हणजे मी मानसिक का?” वाक्यांतला हेतु रास्त आहे, पात्याला वय कळत नाहीं. पण एकत्र कुटुंबांत हा कागद जिच्यासमोर वाचला जाणार, तिलाच तो वर्गवारींत टाकीत होता. व्यक्तीचें वर्णन काढून अडचणीचें वर्णन केलें तर अर्थ कमी होत नाहीं असें आम्हांस आढळलें: ‘ज्यांना नीट दिसत नाहीं, ज्यांचा हात कांपतो, ज्यांना यंत्र समजण्यास कठीण जातें किंवा ज्यांनीं पूर्वीं मिक्सर वापरलेला नाहीं, त्यांच्याजवळ तो जाणणाऱ्या माणसानें उभें राहा. मुलांच्या हातीं देऊं नका.’ सूनबाईंनीं ‘माणसानें उभें राहा’ हें व्याकरणांत बसत नाहीं म्हणून तेथल्यातेथें ‘जाणत्या माणसानें उभें राहावें’ असें केलें. सबंध पत्रकांत विध्यर्थ राहिला तो या एका जागीं. वहिनींनीं तें पुन्हा वाचून घेतलें आणि “हात कांपतो हें खरं आहे,” एवढेंच म्हणाल्या.

हें वाक्य कागदाच्या घडीवर येऊं नये असें छापखान्यास निराळें लिहून कळविलें आहे. घडीवरचें अक्षर सहा महिन्यांत उडतें, आणि मावळच्या दमट हवेंत त्याहूनहि लवकर.